वय-प्रमाणित दर अहवालात कसे मांडावेत : ढोबळ दर कुठे फसवतात आणि आकडा वाक्यात कसा उतरवायचा

रोगांच्या वर्णनात्मक अहवालात एक वाक्य हमखास सापडते: ‘ख विभागात पक्षाघाताने होणारे मृत्यू क विभागाच्या दुपटीहून जास्त आहेत.’ खाली ढोबळ दर, म्हणजे एकूण मृत्यूंना एकूण लोकसंख्येने भागून आलेले दर, दिलेले असतात, भागाकारही बरोबर असतो. तरीही वाक्य वाचून वाचणारा जो अर्थ घेतो, तो चुकीचा असू शकतो. ख विभागात राहिल्याने पक्षाघाताने मरण्याचा धोका जास्त, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ख विभागात फक्त म्हातारी माणसे जास्त असतात.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. वय-प्रमाणित दर, म्हणजे सर्व विभागांची वयाची रचना सारखी धरून येणारा दर, काढला जातो, पण अहवालात तो असा लिहिला जातो की जणू तेवढी माणसे खरोखर दगावली. इथे गणिताची चूक नसते, वर्णनाची असते. म्हणून या लेखात गणितापुरते गणित आहे आणि जास्त भर आकडा शब्दांत कसा मांडायचा यावर आहे. पद्धत थेट प्रमाणीकरणाची धरली आहे, कारण बहुतेक अहवालांत तीच लागते.

## १. आधी माहिती तयार करा

तीन स्तंभ लागतात: वयोगट, त्या वयोगटातील घटना (मृत्यू किंवा नवे रुग्ण) आणि त्या वयोगटाची लोकसंख्या. चौथा स्तंभ प्रमाण लोकसंख्येचा. तो पुढच्या टप्प्यात येईल.

वयोगट शक्यतो पाच-पाच वर्षांचे ठेवा: ०–४, ५–९ असे करत ८५ आणि पुढे. खालच्या उदाहरणात समजायला सोपे जावे म्हणून चारच गट घेतले आहेत, पण खऱ्या अहवालात एवढे रुंद गट वापरू नका. ‘७५ आणि पुढे’ या एका गटात ७६ वर्षांचे आणि ९२ वर्षांचेही येतात. एका विभागात त्या गटातले बहुतेक जण पंचाहत्तरीच्या आसपासचे आणि दुसऱ्यात नव्वदीचे असतील, तर वयाचा परिणाम गटाच्या आतच शिल्लक राहतो. प्रमाणीकरण केले तरी तो जात नाही.

छेदात लोकसंख्या म्हणजे खरे तर व्यक्ती-वर्षे असतात: एक माणूस एक वर्ष म्हणजे एक व्यक्ती-वर्ष. एका वर्षाच्या आकड्यांसाठी वर्षाच्या मध्याची लोकसंख्या चालते. पाच वर्षांचे मृत्यू एकत्र केले असतील, तर पाचही वर्षांच्या लोकसंख्यांची बेरीज छेदात हवी. पाच वर्षांचे मृत्यू आणि एका वर्षाची लोकसंख्या अशी जोडी लागली की दर पाचपट फुगतो. विचित्र गोष्ट अशी की ही चूक सगळ्या विभागांत सारखीच झाली, तर तुलना बरोबर दिसते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

अंश आणि छेद एकाच लोकांचे असायला हवेत. मृत्यू जिथे झाला त्या ठिकाणाप्रमाणे नोंदले आणि लोकसंख्या रहिवाशांची घेतली, तर मोठे रुग्णालय असलेल्या विभागाचा दर उगाच चढतो. मृत्यूही राहत्या ठिकाणाप्रमाणेच मोजा.

वय माहीत नसलेल्या नोंदी टाकून देऊ नका. १,००० मृत्यूंपैकी ४० जणांचे वय नोंदलेले नसेल आणि ते वगळले, तर वय-प्रमाणित दर ४ टक्क्यांनी कमी येतो, ढोबळ दर मात्र पूर्ण राहतो. मग दोन्हींची तुलना करताना हा फरक वयाचा समजला जातो. हे मृत्यू माहीत असलेल्या वयोगटांच्या प्रमाणात वाटून द्या आणि तसे केल्याची नोंद पद्धतीच्या भागात ठेवा.

तपासा: सर्व वयोगटांतील मृत्यूंची बेरीज मूळ एकूण संख्येशी तंतोतंत जुळते का? लोकसंख्येची बेरीज जुळते का? नाही जुळली तर पुढे जाऊ नका.

## २. प्रमाण लोकसंख्या निवडा आणि मग बदलू नका

प्रमाण लोकसंख्या म्हणजे वयोगटांच्या भारांची एक ठरलेली यादी. दोन्ही विभागांना तीच यादी लावली की वयाच्या रचनेतला फरक तुलनेतून निघून जातो.

कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत सेगी यांची जागतिक प्रमाण लोकसंख्या डॉल यांनी केलेल्या सुधारणेसह वापरतात. तिच्यात ६५ आणि त्यापुढच्यांचा वाटा ७ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण लोकसंख्येत तो साधारण ८ टक्के आहे, तर २०१३ च्या युरोपीय प्रमाण लोकसंख्येत १९.५ टक्के. म्हणजे याद्यांमध्ये चांगलाच फरक आहे, आणि त्याचे परिणाम चौथ्या टप्प्यात दिसतील.

निवडीचा नियम सोपा आहे. तुमच्या आकड्यांची तुलना ज्यांच्याशी करायची आहे, त्यांनी जी वापरली तीच घ्या. स्त्री आणि पुरुष यांचे दर वेगवेगळे काढा, पण दोघांनाही एकच यादी लावा. ‘आमच्याच राज्याची लोकसंख्या प्रमाण म्हणून घेतली’ हेही चालते, पण मग तो दर अहवालाबाहेरच्या कोणत्याही दराशी ताडून पाहता येत नाही.

इशारा: निकाल पाहिल्यावर प्रमाण लोकसंख्या बदलू नका. कोणती वापरणार हे आकडे उघडण्याआधी लिहून ठेवा.

## ३. आधी वयोगटनिहाय दर, मग एकत्रित दर

पुढचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. दोन्ही विभागांची लोकसंख्या १० लाख आणि मृत्यू एका वर्षातले.

| वयोगट | क: लोकसंख्या | क: मृत्यू | क: दर (लाखामागे) | ख: लोकसंख्या | ख: मृत्यू | ख: दर (लाखामागे) |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–४४ | ७,५०,००० | ६० | ८ | ५,००,००० | ३० | ६ |
| ४५–५९ | १,५०,००० | १२० | ८० | २,२०,००० | १३२ | ६० |
| ६०–७४ | ८०,००० | ३२० | ४०० | १,९०,००० | ६०८ | ३२० |
| ७५+ | २०,००० | ३०० | १,५०० | ९०,००० | १,०८० | १,२०० |
| एकूण | १०,००,००० | ८०० | ८० | १०,००,००० | १,८५० | १८५ |

शेवटच्या ओळीतले ८० आणि १८५ हे ढोबळ दर. त्यांच्यावरून ख विभाग २.३ पट वाईट. आता दराचे दोन स्तंभ एकेका ओळीने वाचा: चारही वयोगटांत ख विभागाचा दर कमी आहे. एकही अपवाद नाही, तरी एकूण दर दुपटीहून जास्त.

उत्तर लोकसंख्येच्या स्तंभात आहे. क विभागात पंच्याहत्तरीपुढचे २ टक्के, ख विभागात ९ टक्के. या वयात मृत्युदर शेकड्यांत नाही, हजारांत असतो, म्हणून ख विभागाचे १,८५० पैकी १,०८० मृत्यू या एकाच गटातून येतात. ढोबळ दर हीसुद्धा वयोगटनिहाय दरांची भारित सरासरीच असते. फक्त प्रत्येक विभाग आपापल्या लोकसंख्येचे भार लावतो. दोन वेगळ्या भारांनी काढलेल्या सरासऱ्यांची तुलना केली, की रोगातला फरक आणि भारातला फरक एकत्र मिसळतात.

आता दोघांना एकच भार लावू. सेगी–डॉल यादीचे १ लाखाचे भार या चार गटांत जमवले तर ७४,०००, १५,०००, ९,००० आणि २,००० असे होतात.

क विभाग: ०.७४ × ८ + ०.१५ × ८० + ०.०९ × ४०० + ०.०२ × १,५०० = ५.९२ + १२ + ३६ + ३० = ८३.९

ख विभाग: ०.७४ × ६ + ०.१५ × ६० + ०.०९ × ३२० + ०.०२ × १,२०० = ४.४४ + ९ + २८.८ + २४ = ६६.२

चित्र उलटले. वयाची रचना सारखी धरली तर क विभागाचा दर ख विभागाच्या १.२७ पट आहे.

स्प्रेडशीटमध्ये घटना `B`, लोकसंख्या `C` आणि भार `D` या स्तंभांत असतील तर सूत्र असे:

```
=SUMPRODUCT(B2:B5/C2:C5, D2:D5)/SUM(D2:D5)*100000
```

शेवटचा `SUM(D2:D5)` विसरू नका. सगळे वयोगट घेतले तर भारांची बेरीज १ लाखच असते आणि चूक लपून राहते. पण फक्त ३५–६४ वयासाठी दर काढायचा असेल तर भारांची बेरीज कमी होते, आणि जुन्या सवयीने १ लाखाने भागले की दर खूप खाली येतो. मधल्या पायऱ्यांवर आकडे पूर्णांकात आणू नका. पूर्णांकन शेवटी एकदाच.

तपासा: वय-प्रमाणित दर हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वयोगटनिहाय दरांच्या मध्येच यायला हवा. शिवाय भारांच्या जागी त्या विभागाची स्वतःची लोकसंख्या घालून पाहा. उत्तर ढोबळ दराइतकेच आले पाहिजे. न आल्यास वयोगटांच्या ओळी कुठेतरी सरकल्या आहेत.

## ४. हा आकडा म्हणजे काय, ते ठरवून घ्या

८३.९ हा दर क विभागात कोणीही मोजलेला नाही. तिथे लाखामागे ८० माणसे दगावली, एवढे प्रत्यक्ष. ८३.९ म्हणजे ‘क विभागाची वयाची रचना या प्रमाण लोकसंख्येसारखी असती आणि वयोगटनिहाय दर आहेत तेच राहिले असते, तर लाखामागे किती मृत्यू झाले असते’ याचे उत्तर. एकट्याने त्याला फारसा अर्थ नसतो, तो तुलनेसाठीच असतो.

हे पटत नसेल तर प्रमाण लोकसंख्या बदलून पाहा. २०१३ च्या युरोपीय यादीचे भार याच चार गटांत जमवले तर ५४,०००, २०,५००, १६,५०० आणि ९,००० होतात. मग क विभागाचा दर २२१.७ आणि ख विभागाचा १७६.३ येतो. मृत्यू तेच, लोकसंख्या तीच, पण ८४ चे २२२ झाले, कारण या यादीत वृद्धांचा वाटा मोठा आहे. गुणोत्तर मात्र १.२६, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच.

यातून अहवालासाठी दोन नियम निघतात. पहिला: प्रमाण लोकसंख्येचे नाव दिल्याशिवाय वय-प्रमाणित दर छापू नका, तक्त्याच्या शीर्षकातही नाही आणि सारांशातही नाही. दुसरा: दोन वेगळ्या याद्यांनी काढलेले दर एका आलेखावर कधीही ठेवू नका. अमेरिकेच्या मृत्यू आकडेवारीत १९९९ च्या वर्षापासून १९४० च्या प्रमाण लोकसंख्येऐवजी २००० ची वापरली जाऊ लागली. जुन्या अहवालातून १९९८ चा आकडा आणि नव्यातून १९९९ चा उचलला, तर एका वर्षात मृत्युदर उसळल्यासारखा दिसेल. खरे तर यादी बदलली. अशा वेळी जुन्या वर्षांचे दर नव्या यादीने पुन्हा काढावे लागतात.

## ५. वयोगटनिहाय दर एकमेकांना छेदतात का, ते पाहा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. एकत्रित आकडा हाती आला की मूळ दरांकडे परत कोणी बघत नाही.

तिसरा एक ग विभाग धरू. त्याचे दर क विभागासारखेच, फक्त दोन गटांत फरक: ४५–५९ मध्ये ८० ऐवजी १६० आणि ७५+ मध्ये १,५०० ऐवजी ९००. सेगी–डॉल भारांनी पहिल्या फरकाने १२ वाढतात, दुसऱ्याने १२ कमी होतात, आणि ग विभागाचा वय-प्रमाणित दरही बरोबर ८३.९ येतो. अहवालात ‘क आणि ग विभागांत फरक नाही’ असे लिहिले जाईल. पण ग विभागात पन्नाशीतली माणसे दुप्पट दराने मरत आहेत. आरोग्य सेवेच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची बातमी त्या अहवालात क्वचितच असेल.

युरोपीय यादी लावली तर ग विभागाचा दर १८४.१ येतो, म्हणजे क विभागाच्या २२१.७ पेक्षा स्पष्टपणे कमी. एका यादीने बरोबरी, दुसरीने सरशी. क आणि ख यांच्या तुलनेत असे झाले नाही, कारण तिथे प्रत्येक वयोगटात फरक एकाच दिशेने होता.

तपासा: दोन विभागांचे वयोगटनिहाय दर एका आलेखावर काढा आणि उभा अक्ष लॉग प्रमाणात घ्या, म्हणजे तरुण वयातले छोटे दर तळाशी चिकटून राहणार नाहीत. रेषा साधारण समांतर असतील तर एकच वय-प्रमाणित दर पुरेसा. त्या छेदत असतील तर एकत्रित दरावर निष्कर्ष काढू नका. ४५–५९ आणि ७५+ असे गट वेगळे मांडा आणि कारण सांगा.

## ६. अनिश्चितता सोबत द्या

प्रमाणित दराची प्रमाण त्रुटी काढणे अवघड नाही:

```
=SQRT(SUMPRODUCT(D2:D5^2*B2:B5/C2:C5^2))/SUM(D2:D5)*100000
```

क विभागासाठी ती २.९७ येते, म्हणून ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे योगायोगाची चढउतार धरून दर ज्या मर्यादांत असावा तो पट्टा, ७८.१ ते ८९.७. ख विभागासाठी ६२.८ ते ६९.७. गुणोत्तर १.२७, त्याचे विश्वासांतर १.१६ ते १.३८. तुलना हाच मुद्दा असेल तर गुणोत्तराचे विश्वासांतर जरूर द्या. दोन विश्वासांतरे एकमेकांवर येतात की नाही एवढे पाहून निकाल देणे कच्चे काम आहे. ती थोडी एकमेकांवर आली तरी फरक खरा असू शकतो.

मृत्यू थोडे असतील तेव्हा हे सूत्र डळमळते आणि खालची मर्यादा कधी शून्याच्याही खाली जाते. तिथे गॅमा वितरणावर आधारलेली पद्धत वापरा. आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत ती तयार मिळते:

```r
library(epitools)
d <- c(60, 120, 320, 300)
n <- c(750000, 150000, 80000, 20000)
w <- c(74000, 15000, 9000, 2000)
round(ageadjust.direct(d, n, stdpop = w) * 100000, 1)
```

ढोबळ दर, प्रमाणित दर आणि दोन्ही मर्यादा एका ओळीत येतात. पहिले दोन आकडे ८० आणि ८३.९ येतात का पाहा.

एकूण २० मृत्यूंवर उभा असलेला ढोबळ दर घेतला तरी त्याची सापेक्ष त्रुटी २२ टक्क्यांच्या आसपास असते. प्रमाणित दराची बहुधा त्याहून जास्त, कारण एखाद्या वृद्ध गटातल्या दोन-तीन मृत्यूंना मोठा भार मिळू शकतो. अशा तक्त्यात खूण करा किंवा काही वर्षे एकत्र करा. त्याहूनही कमी मृत्यू असतील किंवा मृत्यूंची वयोगटनिहाय विभागणी मिळत नसेल, तर अप्रत्यक्ष पद्धतीने अपेक्षित मृत्यू काढता येतात. क विभागाचे दर ख विभागाच्या लोकसंख्येला लावले तर २,३२६ मृत्यू अपेक्षित होते, झाले १,८५०, गुणोत्तर ०.८०. पण अशी दोन विभागांची गुणोत्तरे आपसात ताडू नका, कारण प्रत्येकाचे भार पुन्हा त्याच्या स्वतःच्या लोकसंख्येचे असतात. आपण जिथून निघालो त्याच खड्ड्यात ते परत नेते.

## ७. आता वाक्ये लिहा

पद्धतीच्या भागात चार गोष्टी हव्यात: प्रमाणीकरण थेट की अप्रत्यक्ष, कोणती प्रमाण लोकसंख्या, वयोगट कोणते, आणि वय अज्ञात असलेल्या नोंदींचे काय केले. नमुना असा:

> ‘दर थेट पद्धतीने वय-प्रमाणित केले असून त्यासाठी सेगी–डॉल जागतिक प्रमाण लोकसंख्या आणि ८५+ पर्यंतचे पाच वर्षांचे १८ वयोगट वापरले आहेत. वय न नोंदलेले मृत्यू ज्ञात वयोगटांच्या प्रमाणात वाटले आहेत.’

निकालाच्या भागात ढोबळ आणि प्रमाणित दोन्ही द्या. ढोबळ दर फेकून देण्यासारखा नसतो. ख विभागात १,८५० मृत्यू झाले, तेवढी कुटुंबे आणि तेवढा रुग्णालयांवरचा भार खरा आहे; खाटा आणि पुनर्वसनाची सोय ठरवायची तर हाच आकडा लागतो. दोन आकडे दोन प्रश्नांची उत्तरे देतात, म्हणून वाक्यही दोन हवीत:

> ‘ख विभागात पक्षाघाताने १,८५० मृत्यू झाले (लाखामागे १८५), क विभागात ८०० (लाखामागे ८०). ख विभागात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, वयाची रचना सारखी धरल्यास क विभागाचा दर जास्त येतो (८३.९ विरुद्ध ६६.२, गुणोत्तर १.२७, ९५ टक्के विश्वासांतर १.१६–१.३८). हा फरक चारही वयोगटांत एकाच दिशेने आहे.’

शेवटचे वाक्य छोटे आहे, पण पाचवी पायरी केल्याचा पुरावा तेच आहे. ते लिहिता येत नसेल तर मागे जा.

संपादन करताना काही रचना खोडून टाका. ‘क विभागात लाखामागे ८३.९ जणांचा मृत्यू झाला’ हे खोटे आहे. ‘वय-प्रमाणित मृत्यू’ असेही लिहू नका. मृत्यू प्रमाणित होत नाहीत, दर होतो, आणि १० लाख लोकसंख्येला ८३.९ ने गुणून ८३९ मृत्यू काढणे तर अजिबात नाही. ‘ढोबळ दर चुकीचा असून खरा दर ८३.९ आहे’ हेही नको, कारण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि ‘वयाचा परिणाम पूर्णपणे वगळला’ असे म्हणण्याऐवजी ‘वयोगटांच्या रचनेतील फरक लक्षात घेतला’ एवढेच म्हणा. धूम्रपान, रक्तदाब, उपचारांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आणि मृत्यूच्या कारणाची नोंद किती नीट होते, हे सगळे त्या १.२७ मध्ये अजून तसेच आहे.

दोन काळांची तुलना असेल तर दोन्ही दर पुन्हा शेजारी ठेवा. ढोबळ दर वाढत आहे आणि वय-प्रमाणित दर घटत आहे, असे पुष्कळदा दिसते. त्यात विसंगती नाही: लोकसंख्या वृद्ध होत असते आणि त्याच वेळी प्रत्येक वयातला धोका कमी होत असतो. तिथे ‘मृत्युदर वाढला’ किंवा ‘घटला’ असे नुसते क्रियापद वापरू नका. कोणता दर, ते प्रत्येक वाक्यात लिहा, मग ते वाचायला थोडे कंटाळवाणे झाले तरी चालेल.